पातेल्यातला ढोकळा: आधी वाफ, मग सोडा

आमच्या घरी गणपतीत उकडीचे मोदक व्हायचे, श्रावणात अळूवड्या, एरवी कोथिंबीरवड्या. मोदकपात्र नव्हतं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यावर पितळी चाळण, चाळणीत ओलं फडकं किंवा केळीचं पान आणि वर ताट. इतक्यावर सगळं उकडून निघायचं. त्यामुळे लग्नानंतर मी पहिल्यांदा बेसनाचा ढोकळा करायला घेतला तेव्हा वाफवण्याचा भाग मला अवघड वाटलाच नाही. पीठ कालवलं, सोडा घातला, डबा पातेल्यात ठेवला, झाकण लावलं आणि खालचा गॅस पेटवला. अळूवडीचे उंडे आम्ही असेच ठेवायचो. वीस मिनिटांनी झाकण काढलं तर डब्यात पिवळा, चिकट, बोटभरही न फुगलेला गोळा होता. खालचा थर खव्यासारखा गच्च आणि वर चार मोठी भोकं.

पातेलं तेच होतं, वाफ तीच होती, हातही तोच होता. चूक कुठे झाली हे कळायला मला बरेच महिने लागले, आणि ती एकाच ओळीत सांगता येते. अळूवडी वाफेची वाट बघू शकते, ढोकळा बघू शकत नाही.

मोदकाच्या पारीत किंवा अळूवडीच्या उंड्यात हवेचे बुडबुडे नसतात. थंड पाण्यावर ठेवा, पाणी सावकाश तापू द्या, वडी पाच मिनिटं उशिरा शिजेल, एवढंच. ढोकळ्याचं तसं नाही. पिठात इनो किंवा सोडा पडला की त्याच क्षणी कार्बन डाय-ऑक्साइड वायू सुटायला लागतो. आपल्याला जी जाळी हवी असते, ती म्हणजे या वायूचे बारीक बुडबुडे. त्यांच्याभोवतीचं ओलं पीठ शिजून घट्ट झालं की बुडबुडे जागच्या जागी अडकतात आणि जाळी बनते. पीठ शिजायच्या आधी ते बुडबुडे काही मिनिटंच टिकतात. लहान बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, मोठे वर येतात आणि फुटतात. थंड पाण्यावर ठेवलेल्या माझ्या डब्याखाली लिटरभर पाणी उकळायला पाच-सहा मिनिटं लागली असतील. तेवढ्यात वायू निघून गेला होता, आणि वाफेने मग शिजवलं ते नुसतं बेसन.

किती वायू हातचा जातो याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब सांगते. इनोच्या पाच ग्रॅमच्या पुडीत खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, हे मुख्य घटक असतात, शिवाय थोडा धुण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार. ही पुडी पूर्ण विरघळली तर साधारण पाऊण लिटर वायू सुटतो. दोनशे ग्रॅम बेसनाचं कालवलेलं पीठ अर्धा लिटरही भरत नाही. म्हणजे पिठापेक्षा वायू जास्त. त्यातला निम्मा जरी आत अडकला तरी ढोकळा दुप्पट फुगतो. म्हणून ढोकळा बसला की पुढच्या वेळी जास्त सोडा घालण्यात अर्थ नसतो. कमी पडत असते ती वाफ, तीही सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांतली.

आता पातेल्याकडे येऊ. ढोकळ्याचा कुकर, इडलीपात्र, मोदकपात्र ही सगळी भांडी एकच काम करतात. उकळत्या पाण्यापासून पदार्थ वर धरायचा आणि वाफ चहूबाजूंनी त्याला भिडू द्यायची. घरातल्या कुठल्याही खोल, जाड बुडाच्या, नीट झाकण बसणाऱ्या पातेल्यात हे करता येतं. डबा मात्र पातेल्यापेक्षा पुरेसा लहान हवा. कुकरचा अठरा सेंटिमीटर रुंदीचा डबा असेल तर पातेलं चोवीस सेंटिमीटरच्या आसपास असावं. डब्याच्या कडेने बोटभर तरी फट राहिली पाहिजे, कारण वाफ त्याच वाटेने वर येते. फट नसली की वाफ डब्याखाली कोंडते, डबा हिंदकळतो, वरची बाजू कच्ची राहते आणि बूड तेवढं शिजतं.

डबा कशावर ठेवायचा? कुकरबरोबर आलेली जाळी असेल तर तीच ठेवा. नसेल तर लोखंडी तिवई, स्टीलची अडणी किंवा बुटका डबा चालतो. बऱ्याच जणी वाटी उपडी घालतात. त्यात एक अडचण आहे. उपड्या वाटीखाली हवा आणि वाफ कोंडते, पाणी उकळायला लागलं की वाटी खडखडत नाचायला लागते, आणि डबा एका बाजूला कलतो. ढोकळा एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ झाला तर कारण बहुधा हेच असतं. वाटी सुलटी ठेवा आणि तिच्यात काठोकाठ पाणी भरा. ती जड होते आणि जागची हलत नाही. एकसारख्या उंचीच्या तीन वाट्या त्रिकोणात ठेवल्या तर डबा अगदी स्थिर बसतो.

पाणी एक लिटर पुरतं. चोवीस सेंटिमीटरच्या पातेल्यात ते इंचभरापेक्षा थोडं कमीच उंच येतं. पाण्याची पातळी आणि डब्याचं बूड यांत दोन बोटांचं अंतर ठेवा, म्हणजे खळखळणारं पाणी उसळून डब्यात शिरणार नाही. पाण्यात लिंबाची पिळलेली फोड किंवा चिंचेचं बुटूक टाकलं की ॲल्युमिनियमचं पातेलं आतून काळं पडत नाही. आणि पाण्यात एक स्टीलचा छोटा चमचा किंवा नाणं टाकून ठेवा. पाणी उकळतंय तोवर ते तळाशी टकटक वाजत राहतं. आवाज थांबला तर आच कमी झाली किंवा पाणी संपत आलं, हे झाकण न काढता कळतं.

झाकणाबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण चांगला फुगलेला ढोकळाही इथे बिघडतो. वाफ वर जाते, गार झाकणाला लागते आणि तिचं पाणी होतं. ताट किंवा सपाट झाकण असेल तर थेंब मधोमध जमतात आणि नेमके ढोकळ्याच्या मध्यभागी टपकतात. जिथे थेंब पडतो तिथलं पीठ पातळ होतं आणि बुडबुडे फुटतात. वर ओला, चकचकीत खड्डा पडतो, आणि तेवढा भाग खाताना चिकट लागतो. उपाय जुना आहे. सुती पंचा किंवा जुन्या धोतराचं फडकं झाकणाला खालून ताणून बांधायचं आणि चारही टोकांची गाठ वर घ्यायची. टोकं खाली लोंबली तर गॅसवर पेट घेतील, म्हणून गाठ वरच. फडकं थेंब पिऊन घेतं आणि झाकण घट्टही बसतं. घुमटासारखं झाकण असेल तर थेंब ओघळून कडेला जातात. त्याला फडकं नसलं तरी निभतं, पण मी तरी बांधतेच.

झाकण घट्ट बसलं पाहिजे, पण हवाबंद नको. वाफेला बाहेर जायला कुठूनतरी वाट हवी. याच कारणाने कुकरमध्ये ढोकळा करताना झाकणाची शिट्टी काढून ठेवतात. शिट्टी लावली की आतला दाब जवळपास दुप्पट होतो आणि त्या दाबाखाली बुडबुडे दबून लहान राहतात. पीठ त्याच अवस्थेत शिजून घट्ट होतं. शिट्टी काढलेला कुकर हे तसं उत्तम पातेलंच आहे, फक्त त्यात पाणी आटलेलं दिसत नाही.

केरळात पालक्काडजवळ रामश्शेरी नावाचं गाव आहे. तिथली इडली अजूनही मातीच्या मडक्यावर होते. मडक्याच्या तोंडावर दोऱ्याची जाळी विणलेलं मातीचं कडं ठेवतात, त्यावर कापड पसरतात, कापडावर पीठ ओततात आणि वर दुसरं मडकं उपडं घालतात. तिथे साचा नाही, डबाही नाही. वाफ कापडातून थेट पिठाला लागते. गोव्यातली सान्नांसुद्धा पूर्वापार लहान वाट्यांत उकडत आली आहेत. साचा नंतर आला. या पदार्थांना लागते ती वाफ, आणि वाफेची एक गोष्ट समजली की बाकीचं आपोआप जुळतं.

ती गोष्ट अशी. वाफ नुसती गरम हवा नाही. गार पिठाला लागताच वाफेचं पुन्हा पाणी होतं, आणि तसं होताना ती प्रचंड उष्णता सोडते. एक ग्रॅम वाफ एक ग्रॅम पाण्यात बदलताना साधारण ५४० कॅलरी उष्णता देते. तेच एक ग्रॅम पाणी नळाच्या गारपणापासून उकळीपर्यंत न्यायला लागते त्याच्या सातपट. म्हणून वाफेत ठेवलेलं पीठ इतक्या झटक्यात घट्ट होतं. पण पातेल्यात वाफेऐवजी हवाच भरलेली असेल तर हे होत नाही. पाण्याला नुकते बुडबुडे आले की घाई करून डबा ठेवू नये. पाणी खळखळून उकळू द्यावं, झाकण लावावं आणि झाकणाच्या कडेने वाफेची सलग धार बाहेर येईपर्यंत, म्हणजे आणखी दोन-तीन मिनिटं थांबावं. एवढ्या वेळात आतली हवा बाहेर जाते आणि पातेलं वाफेने भरतं. त्यानंतरच सोड्याला हात लावायचा.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीने पुण्याहून फोन केला. तिघी मैत्रिणी एका खोलीत राहतात, एक गॅस, दोन पातेली, चार ताटं. "मावशी, ढोकळा करायचाय, पण आमच्याकडे कुकरसुद्धा नाहीये गं." मी तिला फोनवर एकेक पायरी सांगत गेले, ती करत गेली. तेव्हाचं प्रमाण आणि क्रम जसाच्या तसा देते.

बेसन दोनशे ग्रॅम, चाळून. चाळायचं ते गुठळ्यांसाठी. त्यात पाऊण चमचा मीठ, दोन चमचे साखर, चिमूटभर हळद, आलं-मिरचीचं वाटण एक चमचा, एक मोठा चमचा तेल आणि दोन चमचे लिंबाचा रस. पाणी साधारण २२० मिलिलिटर, पण एकदम नाही. आधी दीडशे घालून गुठळ्या मोडायच्या, मग उरलेलं थोडं थोडं. पीठ पळीतून ओतलं तर धार सलग पडावी, आणि धारेची घडी खालच्या पिठावर क्षणभर दिसून विरून जावी. घडी दिसतच नसेल तर पीठ पातळ आहे, आणि पातळ पिठात बुडबुडे भराभर वर येऊन फुटतात. घडी तशीच बसून राहिली तर घट्ट आहे. असा ढोकळा वर तडकतो आणि खाताना घशात बसतो. प्रत्येक बेसनाला पाणी सारखं लागत नाही, म्हणून मिलिलिटरपेक्षा धारेवर विश्वास ठेवा.

"आता लगेच इनो घालू?" भाचीने विचारलं. नाही. हे पीठ झाकून वीस मिनिटं तसंच ठेवायचं. बेसन पाणी पितं, कणाकणाला ओलावा लागतो आणि पीठ थोडं दाट होतं. तेवढ्या वेळात पातेल्याची तयारी. तिच्याकडे तिवई नव्हती, म्हणून पाणी भरलेल्या तीन सुलट्या वाट्या. डबा नव्हता, म्हणून कडा असलेलं खोलगट स्टीलचं ताट, तेल लावून. झाकणाला ओढणी बांधायला निघाली होती, ती थांबवली. ओढणी सिंथेटिक होती. असं कापड पाणी पीत नाही, आणि वाफेला धरायचीही भीती. मैत्रिणीचा सुती रुमाल सापडला. वीस मिनिटांनी पीठ पुन्हा ढवळून धार पाहिली, एक मोठा चमचा पाणी आणखी लागलं. तोवर झाकणाच्या कडेने वाफ सुटली होती.

आणि मग घाई. इनोची पुडी पिठावर पसरून घालायची, तिच्यावर चमचाभर पाणी, फसफसलं की पंधरा-वीस फेऱ्यांत ढवळून एकजीव करायचं. एकाच दिशेने ढवळावं असं सगळे सांगतात. दिशेने काही फरक पडत नाही, फेऱ्या मात्र कमी हव्यात. जितकं ढवळाल तितका वायू बाहेर. पीठ फिकट होतं, फुगतं, चमच्याला हलकं लागतं. ताबडतोब ताटात ओतायचं, ताट पकडीने धरून वाट्यांवर ठेवायचं, झाकण लावायचं. इनो पडल्यापासून झाकण लागेपर्यंत एक मिनिटाच्या आत. ताटातला थर इंचाहून कमी ठेवायचा, कारण तो दुप्पट होणार आहे.

आच मध्यमपेक्षा मोठी, पंधरा मिनिटं. पहिली दहा मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. आपल्या हाताला सारखं उघडून बघायची सवय असते, आणि ढोकळ्याचं सगळ्यात जास्त नुकसान तिनेच होतं. बुडबुड्यांच्या भिंती अजून मऊ असतात. झाकण काढलं की गार हवा आत येते, आतला वायू आकसतो आणि मधला भाग खाली बसतो. पुन्हा झाकण लावून तो वर येत नाही. पंधरा मिनिटांनी मध्यभागी सुरी खुपसून बघायची. कोरडी निघाली आणि कडा ताटापासून किंचित सुटल्या असतील तर झालं. सुरीला पीठ लागलं तर आणखी तीन मिनिटं. मग गॅस बंद करून झाकण थोडं सरकवून पाच मिनिटं थांबायचं, ताट बाहेर काढून आणखी दहा मिनिटं गार होऊ द्यायचं. गरमागरम कापला तर जाळी सुरीखाली दबते आणि तुकड्याच्या कडा चिकट दिसतात.

भाचीने फोटो पाठवला. ढोकळा छान फुगला होता, जाळीही पडली होती, पण पिवळ्यावर ठिकठिकाणी तांबडे ठिपके होते. "मावशी, हे काय? खराब झालाय का?" खराब झाला नव्हता. हळद सोड्याजवळ लाल होते. देवघरातलं कुंकूही पूर्वी हळदीला चुन्यासारखा क्षार लावूनच करत, तोच हा रंग. इनो नीट न मिसळता एका जागी राहिला की तिथे ठिपका उमटतो. पूर्ण ढोकळाच तांबूस झाला तर मात्र सोडा जास्त झाला, किंवा त्याला पुरेसं आंबट मिळालं नाही.

इनोऐवजी साधा खाण्याचा सोडा वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. सोडा आंबटाशी जुळला तरच सगळा वायू देऊन मोकळा होतो. चार भाग सोड्याला तीन भाग लिंबूसत्त्व, वजनाने, हे प्रमाण जुळतं. लिंबाचा रसच वापरणार असाल तर पाव चमचा सोड्याला एक मोठा चमचा रस लागतो. आंबट कमी पडलं तर उरलेला सोडा वाफेच्या उष्णतेने फुटतो. त्यातून थोडा वायू मिळतो खरा, पण मागे धुण्याच्या सोड्याचा अंश राहतो, आणि तोच तोंडात साबणासारखा लागतो. इनोत आंबट आणि सोडा जवळजवळ जुळवूनच घातलेले असतात, म्हणून नवख्या हाताला मी इनोच सुचवते.

फोडणी दोन चमचे तेलाची, मोहरी, हिंग, तीळ, मिरच्या, कढीपत्ता. मोहरी तडतडली की गॅस बंद करून त्यात अर्धी वाटी पाणी आणि दोन चमचे साखर. पाणी जपून घालावं, उडतं. ही फोडणी कापलेल्या ढोकळ्यावर चमच्याने सगळीकडे ओतायची. बेसन गार होताना कोरडं पडतं, आणि हे पाणी जाळीत मुरून त्याला लुसलुशीत ठेवतं. जाळी नीट पडली की नाही याची हीच परीक्षा. चांगला ढोकळा पाणी दोन मिनिटांत पिऊन टाकतो, गच्च ढोकळ्यावर ते तसंच साचून राहतं. आणि जाता जाता, हा पिवळा बेसनाचा पदार्थ गुजरातीत खमण म्हणून ओळखला जातो. ढोकळा म्हणजे तिथे तांदूळ आणि डाळ आंबवून केलेला पांढरट, आंबूस प्रकार. आपण मराठीत दोन्हींना ढोकळाच म्हणतो.

आता इडली. इडलीच्या पिठाचा स्वभाव वेगळा आहे. तिथे सोड्याची घाई नसते, वायू रात्रभर सावकाश तयार झालेला असतो. डाळ-तांदळाबरोबर आलेले जिवाणूच ते काम करतात. त्यांतला मुख्य ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस नावाचा आहे, आणि आंबटपणाही तोच देतो. आणि वायू धरून ठेवते ती उडदाची डाळ. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात यावर काम झालं. उडदातलं एक प्रथिन आणि एक चिकट शर्करा मिळून बुडबुड्यांभोवती टिकाऊ पडदा बनवतात असं त्यातून दिसलं. दुसरी कुठलीही डाळ घातली की इडली तशी होत नाही, त्याचं कारण हे. म्हणून डाळ वाटण्यात कसूर नको. चार-पाच तास भिजलेली डाळ गार पाणी थोडं थोडं घालत लोण्यासारखी हलकी होईपर्यंत वाटावी. वाटलेल्या डाळीचा थेंब पाण्याच्या वाटीत टाका. तरंगला तर पुरेशी हवा आत गेली, बुडाला तर आणखी वाटा. एक वाटी उडीद डाळीला दोन वाट्या इडली रवा, रवा धुऊन पिळून. पीठ दुप्पट झालं की मग ढवळून बसवू नका, कडेकडेने हलक्या हाताने पळीत घ्या.

साचा नसेल तर स्टीलच्या वाट्या घ्या. पण वाटी निवडताना एक गोष्ट पाहा. इडलीचा साचा मध्ये खोल आणि कडेला निमुळता असतो, म्हणजे उष्णतेला आतपर्यंत फार लांब जावं लागत नाही. खोल, उभट वाटीत मधोमध पीठ जाड राहतं. जाडी दुप्पट झाली की मध्यापर्यंत उष्णता पोचायला दुप्पट नव्हे, चौपटीच्या आसपास वेळ लागतो. बाहेरची इडली शिजून कडक होते आणि मधला गोळा ओलाच राहतो. म्हणून पसरट वाटी घ्या, तेल लावा आणि निम्म्यापेक्षा थोडीच जास्त भरा. चार-पाच वाट्या चाळणीत मांडा, चाळण उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर, वर फडकं बांधलेलं झाकण. दहा ते बारा मिनिटं. ओल्या बोटाने वर दाबून बघा, पीठ बोटाला चिकटलं नाही तर झाली. गॅस बंद केल्यावर पाच मिनिटं थांबून मग कडेने ओला चमचा फिरवा, इडली सलग सुटते. लगेच काढायला गेलात तर निम्मी वाटीलाच राहते.

पुण्या-नाशकाकडच्या थंडीत पीठ रात्रभरात दुप्पट होत नाही, पंधरा-सोळा तासही लागतात. ते फुगण्याआधीच वाफेवर ठेवलं तर कितीही चांगल्या पात्रात इडली दडदडीत होते. घड्याळाकडे बघून नका ठरवू, पिठाच्या भांड्याला बाहेरून खूण करून ठेवा आणि पीठ तिथून दुप्पट वर आलं की मगच पातेलं चढवा.

भाचीने त्यानंतर तीन वेळा ढोकळा केला. दुसऱ्यांदा तांबडे ठिपके नव्हते. तिसऱ्यांदा पाहुणे आले म्हणून दुप्पट पीठ एकाच ताटात ओतलं, आणि मध्ये कच्चा राहिला. दोन घाणे करायला हवे होते, आणि दुसऱ्या घाण्याच्या पिठात इनो पहिला घाणा उतरल्यावरच. या रविवारी तुम्ही करणार असाल तर पीठ कालवून ठेवा, पातेल्यात चमचा टाका, आणि झाकणाच्या कडेने वाफेची धार सुटल्याशिवाय इनोची पुडी फोडू नका.